शॅडो प्राइस ३०, पण किती तासांपर्यंत?

लिनियर प्रोग्रॅमिंगच्या पेपरात सेन्सिटिव्हिटीचा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: जोडणी विभागाचे तास २० ने वाढवले, तर नफा कितीने वाढेल? शेवटच्या सिम्प्लेक्स कोष्टकात जोडणीची शॅडो प्राइस, म्हणजे छाया किंमत, ३० दिसत असते. मग २० गुणिले ३० करून ६०० असं उत्तर लिहिलं जातं. खाली घेतलेल्या उदाहरणात खरं उत्तर १०० आहे. कोष्टकातला ३० हा आकडा बरोबरच आहे, पण तो पहिल्या ३⅓ तासांपुरता खरा आहे. ही मर्यादाही त्याच कोष्टकात, त्याच स्तंभात असते. ती कशी वाचायची, हे नीट पाहू.

एका कारखान्यात टेबल, खुर्ची आणि बाक अशा तीन वस्तू बनतात. प्रत्येक वस्तू कटाई, जोडणी आणि पॉलिश या तीन विभागांतून जाते. आठवड्याला मिळणारे तास ठरलेले आहेत. नफा कोणत्याही चलनात धरा.

| | टेबल | खुर्ची | बाक | उपलब्ध तास |
|---|---|---|---|---|
| कटाई | २ | १ | ३ | १०० |
| जोडणी | १ | १ | १ | ८० |
| पॉलिश | १ | २ | १ | १५० |
| नगामागे नफा | ५० | ४० | ५४ | |

प्रत्येक विभागाच्या अटीत एक स्लॅक, म्हणजे न वापरलेल्या तासांचं चल, घालून सिम्प्लेक्स चालवलं की शेवटचं कोष्टक असं येतं:

| बेसिस | टेबल | खुर्ची | बाक | कटाई-स्लॅक | जोडणी-स्लॅक | पॉलिश-स्लॅक | उजवी बाजू |
|---|---|---|---|---|---|---|---|
| टेबल | १ | ० | २ | १ | −१ | ० | २० |
| खुर्ची | ० | १ | −१ | −१ | २ | ० | ६० |
| पॉलिश-स्लॅक | ० | ० | १ | १ | −३ | १ | १० |
| Z | ० | ० | ६ | १० | ३० | ० | ३४०० |

वरवरचं वाचन सोपं आहे. २० टेबलं आणि ६० खुर्च्या बनवायच्या, बाक एकही नाही. पॉलिशचे १० तास उरतात आणि नफा ३४०० होतो. कटाई-स्लॅक आणि जोडणी-स्लॅक बेसिसमध्ये नाहीत, म्हणजे ते शून्य आहेत आणि त्या दोन्ही विभागांचे सगळे तास संपले आहेत.

Z ओळीत स्लॅकच्या स्तंभांखाली १०, ३० आणि ० आहेत. याच कटाई, जोडणी आणि पॉलिश यांच्या शॅडो प्राइस. पडताळा लगेच घेता येतो: १०० × १० + ८० × ३० + १५० × ० = ३४००, म्हणजे नेमका कमाल नफा. हा मेळ बसला नाही, तर कोष्टकात कुठेतरी चूक झाली आहे असं समजावं. काही पुस्तकं Z ओळ उलट चिन्हाने लिहितात, तिथे −१० आणि −३० दिसतील. आकडे तेच, फक्त वजाबाकीची दिशा वेगळी. त्यामुळे उत्तर लिहिण्याआधी आपल्या पुस्तकाची पद्धत कोणती आहे हे पाहून घ्यावं.

आता ३० आला कुठून? जोडणी-स्लॅकचा स्तंभ वरून खाली वाचा: −१, २, −३. जोडणीचा एक तास वाढला की उत्पादन कसं बदलतं, हेच हा स्तंभ सांगतो. टेबल १ ने कमी होतं, खुर्च्या २ ने वाढतात आणि पॉलिशचे शिल्लक तास ३ ने घटतात. हे हाताने जुळवून पाहिलं की पक्कं लक्षात राहतं. कटाईत एकही मिनिट मोकळं नाही, म्हणून नुसती एक खुर्ची वाढवता येत नाही. एक टेबल कमी केलं की कटाईचे २ आणि जोडणीचा १ तास सुटतो. जोडणीचा नवा तास त्यात धरला की दोन्ही विभागांत प्रत्येकी २ तास हाताशी येतात, आणि तेवढ्यात बरोबर २ खुर्च्या होतात. नफ्यात ८० आले आणि ५० गेले, म्हणजे ३० ची भर पडली. पॉलिशमध्ये दोन खुर्च्यांनी ४ तास घेतले आणि एका टेबलाने १ सोडला, म्हणून ३ तास जास्त लागले.

शॅडो प्राइस म्हणजे ही अदलाबदल. तासाला स्वतःची अशी किंमत नसते. एक तास मिळाल्यावर सगळी योजना पुन्हा जुळवून जेवढा नफा वाढतो, तेवढी त्या तासाची किंमत. म्हणून ही अदलाबदल जोवर शक्य आहे तोवरच ३० टिकतो.

आता मर्यादा काढू. जोडणीचे तास Δ ने बदलले, तर उजव्या बाजूचे आकडे त्याच स्तंभाच्या प्रमाणात सरकतात:

```
टेबल           = 20 − Δ
खुर्ची           = 60 + 2Δ
पॉलिश-स्लॅक    = 10 − 3Δ
```

तिन्ही आकडे शून्य किंवा जास्त राहिले पाहिजेत, कारण उणे टेबल बनत नाही आणि उणे तास शिल्लक राहत नाहीत. पहिल्या ओळीतून Δ जास्तीत जास्त २०, दुसऱ्या ओळीतून कमीत कमी −३०, आणि तिसऱ्या ओळीतून जास्तीत जास्त ३⅓ मिळतो. वाढीच्या बाजूला २० आणि ३⅓ यांतला लहान आकडा धरायचा. म्हणून जोडणीचे तास ५० ते ८३⅓ या पट्ट्यात असतील तोवरच शॅडो प्राइस ३० आहे. इथे बहुतेकांची एक ठरावीक चूक होते. संपलेल्या विभागाची मर्यादा शोधताना लक्ष संपलेल्या विभागांकडेच जातं, आणि ज्यात तास शिल्लक आहेत ती ओळ तपासायची राहून जाते. इथे बंधन नेमकं त्या शिल्लक असलेल्या पॉलिशनेच घातलं आहे. १० तास उरलेत म्हणून पॉलिशची शॅडो प्राइस शून्य आहे, पण जोडणीच्या प्रत्येक नव्या तासामागे त्यातले ३ खर्ची पडतात.

८३⅓ च्या पुढे काय होतं? पॉलिश-स्लॅकची ओळ उणे होते, म्हणून ड्युअल सिम्प्लेक्सची एक पायरी करायची. ती ओळ बेसिसमधून बाहेर जाणार. आत कोण येणार, हे त्या ओळीतले उणे आकडे ठरवतात. इथे उणे आकडा एकच आहे, जोडणी-स्लॅकखालचा −३. म्हणजे जोडणी-स्लॅक बेसिसमध्ये येतो आणि जोडणीचे तास उरायला लागतात. नव्या Z ओळीत कटाईची किंमत २०, पॉलिशची १० आणि जोडणीची ० होते. थोडीथोडी कमी न होता ती ३० वरून एकदम शून्यावर येते. पहिल्या ३⅓ तासांत १०० नफा वाढला आणि पुढच्या १६⅔ तासांत काहीच नाही. जोडणी १०० तास केली तरी नफा ३५०० वरच थांबतो.

कटाईचं चित्र वेगळं आहे. तिच्या स्तंभात १, −१, १ आहेत: एक तास वाढला की एक टेबल वाढतं, एक खुर्ची घटते आणि पॉलिशचा एक तास सुटतो. नफ्यात ५० वजा ४०, म्हणजे १० ची भर. वाढीची मर्यादा ६० तास, कारण तेवढ्यात ६० च्या ६० खुर्च्या संपतात. घट मात्र १० तासांपुरतीच, कारण कटाईचा प्रत्येक तास कमी होताना पॉलिशचा एक शिल्लक तास लागतो. म्हणजे कटाईचा पट्टा ९० ते १६०. आता विचारलं की एकच विभाग वाढवायचा असेल तर कोणता, तर ३० हा १० पेक्षा मोठा आहे एवढ्यावर उत्तर देता येत नाही. तीन तास वाढवायचे असतील तर जोडणी: ९० विरुद्ध ३०. वीस तास वाढवायचे असतील तर कटाई: २०० विरुद्ध १००. माझ्या मते शॅडो प्राइसचा आकडा पट्ट्याशिवाय लिहिणं म्हणजे अर्धं उत्तर लिहिणं.

आता न बनणाऱ्या बाकाकडे. त्याच्या स्तंभाखाली Z ओळीत ६ आहे, ही त्याची रिड्यूस्ड कॉस्ट. शॅडो प्राइस हाताशी असल्या की ती सहज समजते. एका बाकाला कटाईचे ३ तास लागतात, १० च्या दराने ३०. जोडणीचा १ तास, ३०. पॉलिश सध्या फुकट. म्हणजे एका बाकासाठी ६० किमतीचे तास खर्च होतात आणि नफा मिळतो ५४. फरक ६. स्तंभातले आकडे दुसऱ्या वाटेने तिथेच पोहोचवतात: एक बाक केला तर टेबलं २ ने घटतात आणि खुर्ची १ ने वाढते, म्हणजे ५४ − १०० + ४० = −६. बाक योजनेत यायचा तर त्याचा नफा ६० च्या वर गेला पाहिजे. बरोबर ६० झाला, तर बाक बनवला काय, न बनवला काय, नफा तेवढाच राहतो. पूर्णपणे नव्या वस्तूचा प्रश्न आला तरी हीच रीत वापरा. सगळं सिम्प्लेक्स पुन्हा करायची गरज नाही.

यानंतरचा मुद्दा आकडेमोडीचा नाही, पण प्रत्यक्ष निर्णयात सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. जोडणीचा जादा तास ३५ ने मिळत असेल, तर घ्यावा का? ३५ हे ३० पेक्षा जास्त, म्हणून नको, असं उत्तर पटकन येतं. पण आधी पाहायला हवं की ५०, ४०, ५४ हे नफे काढताना जोडणीची मजुरी वजा केली होती का. समजा जोडणीला नेहमीचा दर तासाला १२ आहे, जेवढे तास वापरले तेवढेच पैसे द्यावे लागतात, आणि ते नफ्यातून आधीच वजा केलेले आहेत. मग ३० ही त्या १२ च्या वरची किंमत झाली. एका तासासाठी एकूण ४२ पर्यंत देणं परवडतं, आणि ३५ ने घेतल्यास तासाला ७ हातात राहतात. याउलट मजुरी महिन्याची ठरलेली असेल आणि नफ्यात धरलेलीच नसेल, तर ३० हीच पूर्ण मर्यादा, आणि ३५ ने तास घेणं तोट्याचं. कोष्टक दोन्ही वेळा तेच असतं, उत्तर मात्र उलटं होतं. प्रश्नात ही माहिती कुठे दिली आहे, ते वाक्य शोधून त्याखाली रेघ मारावी.

अट "कमीत कमी" अशी असेल, तर चिन्हाकडे आणखी जपून पाहावं लागतं. समजा करार आहे की टेबलं निदान ३० हवीत. मग योजना ३० टेबलं आणि ४० खुर्च्या अशी होते, आणि नफा ३१०० वर उतरतो. कराराचं प्रत्येक जादा टेबल दोन खुर्च्या खातं, म्हणजे ५० − ८० = −३०. म्हणून या अटीची शॅडो प्राइस −३० आहे. पण Z ओळीत या अटीच्या सरप्लस चलाखाली +३० दिसेल, कारण सरप्लस अटीत उणे चिन्हाने बसलेला असतो. कोष्टकातला आकडा तसाच उचलला, तर करार कडक केल्याने नफा वाढतो असा उलटा अर्थ निघेल. आकडा लिहिण्याआधी एकच विचार करा: अट आणखी कडक केली तर मॅक्सिमायझेशनमध्ये नफा वाढणं शक्य आहे का? कधीच नाही. चिन्ह त्यावरून ठरवा.

हेच गणित एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये घातलं, तर सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये `Shadow Price`, `Allowable Increase` आणि `Allowable Decrease` हे स्तंभ येतात. जोडणीसाठी ३०, ३.३३ आणि ३० दिसतील. पॉलिशची शॅडो प्राइस ० आणि घट १० असेल. वाढीला मर्यादा नाही, आणि सॉल्व्हर ती `1E+30` अशी लिहितो. बाकाची `Reduced Cost` तिथे −६ दिसते, कारण सॉल्व्हर नफ्यातून तासांची किंमत वजा करतो. पद्धत `Simplex LP` निवडलेली असावी. `GRG Nonlinear` निवडली तर रिपोर्टमध्ये `Lagrange Multiplier` येतो आणि मर्यादांचे स्तंभच नसतात. चलांवर पूर्णांकाची अट घातली, तर हा रिपोर्ट मिळतच नाही. ते योग्यच आहे, कारण पूर्णांकांच्या गणितात तास किंचित वाढवल्याने योजना हळूहळू सरकत नाही, ती उडी मारते. आणखी एक फसवी जागा आहे. टेबलं निदान ३० ही अट थेट टेबलाच्या चलावरच लावली, तर सॉल्व्हर तिला वेगळी अट न मानता चलाची सीमा मानतो. मग −३० हा आकडा अटींच्या यादीत सापडत नाही, तो टेबलाच्या `Reduced Cost` मध्ये जाऊन बसतो.

पायथनमध्ये `linprog` फक्त मिनिमायझेशन करतो, म्हणून नफा उणे करून द्यावा लागतो:

```python
from scipy.optimize import linprog
r = linprog([-50, -40, -54],
            A_ub=[[2, 1, 3], [1, 1, 1], [1, 2, 1]],
            b_ub=[100, 80, 150], method="highs")
print(r.x, -r.fun)
print(r.ineqlin.marginals)
```

शेवटच्या ओळीत −१०, −३० आणि ० येतात. हा उणे केलेल्या नफ्यातला बदल आहे, म्हणून चिन्ह उलटून वाचायचं. पट्टे मात्र हा कोड देत नाही. ते हवे असतील तर जोडणीचे तास थोडेथोडे बदलून पुन्हा चालवा, आणि किंमत कुठे तुटते ते पाहा.

एकाच वेळी दोन तास-मर्यादा बदलल्या तर? वापरात असलेला नियम असा: प्रत्येक बदल त्याच्या परवानगीच्या किती टक्के आहे ते काढा आणि टक्के जोडा. बेरीज १०० च्या आत असली, तर शॅडो प्राइस टिकतात. जोडणी २ तासांनी वाढली, ३⅓ पैकी ६० टक्के. कटाई १२ तासांनी वाढली, ६० पैकी २० टक्के. एकूण ८० टक्के, म्हणून नफा ६० + १२० = १८० ने वाढतो आणि ३५८० होतो. पण बेरीज १०० च्या वर गेली म्हणजे किंमती मोडल्याच, असं मात्र समजू नका. जोडणी ५ तासांनी आणि कटाई १० तासांनी वाढवा. बेरीज १६६ टक्क्यांच्या वर जाते. तरी कटाईने पॉलिशचे १० तास सोडलेले असतात, म्हणून पॉलिशची शिल्लक १० + १० − १५ = ५ राहते, आणि २५ टेबलं आणि ६० खुर्च्या बनतात. नफा ३६५० होतो, म्हणजे १५० आणि १०० ची वाढ, किंमतींनी सांगितली तेवढीच. टक्क्यांचा नियम फक्त एका बाजूने हमी देतो. खात्री हवी असेल तर उजव्या बाजूचे तिन्ही आकडे स्वतः काढून पाहणं हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

शेवटी, एकच उत्तर नसलेली स्थिती. पॉलिशचे तास १५० ऐवजी नेमके १४० असते, तर योजना तीच राहिली असती, २० टेबलं आणि ६० खुर्च्या, पण पॉलिशची शिल्लकही शून्य झाली असती. बेसिसमधलं चलच शून्य, याला डिजनरसी म्हणतात. आता १०, ३०, ० हेही बरोबर आणि २०, ०, १० हेही बरोबर. दोन्हींचा मेळ ३४०० वरच बसतो: दुसऱ्यात १०० × २० + १४० × १० = ३४००. एक सॉफ्टवेअर पहिलं दाखवेल, दुसरं दुसरं दाखवेल, आणि कोणाचंच चुकलेलं नसतं. जोडणीचा तास कमी केला तर ३० चं नुकसान होतं, वाढवला तर फायदा शून्य. म्हणजे घटीच्या बाजूला एक किंमत आणि वाढीच्या बाजूला दुसरी. रिपोर्टमध्ये संपलेल्या विभागासमोर `Allowable Increase` किंवा `Allowable Decrease` शून्य दिसली, तर हीच स्थिती आहे असं समजा. अशा वेळी छापलेली किंमत वापरू नका. तो विभाग एका तासाने वाढवून एकदा, आणि एका तासाने घटवून एकदा, असं गणित दोनदा सोडवा आणि नफ्यातला फरक थेट वाचा.